जळालेल्या मालाची किंमत कशी काढतात? ढोबळ नफ्याच्या पद्धतीचा एक पूर्ण हिशेब

दुकान जळते तेव्हा माल जातो आणि तो किती होता याचा डोळ्यांना दिसणारा पुरावाही त्याच्याबरोबर जातो. चोरीनंतर रिकाम्या मांडणीवरून काही अंदाज बांधता येतो, पुरानंतर भिजलेला माल मोजता येतो. आगीनंतर मात्र बऱ्याचदा राख, काळे पडलेले पत्रे आणि पाण्याने लगदा झालेले कापड एवढेच उरते. विमा कंपनीने नेमलेला सर्व्हेअर अशा वेळी मालकाच्या आठवणीवर विसंबून किंमत ठरवू शकत नाही आणि मालकालाही ती अचूक सांगता येत नाही, कारण बहुतेक लहान व मध्यम व्यापारी वर्षातून एकदाच, ३१ मार्चला, माल प्रत्यक्ष मोजतात. मग नोव्हेंबरातल्या एखाद्या रात्री दुकानात नेमका किती माल होता, हे कसे काढायचे?

उत्तर वजाबाकीत आहे. मार्चअखेर दुकानात जेवढा माल होता, त्यात आगीच्या दिवसापर्यंत खरेदी केलेला माल मिळवायचा आणि विकलेला माल वजा करायचा. जे उरते, ते त्या रात्री दुकानात असायला हवे. अडचण एकच आहे: सुरुवातीचा साठा आणि खरेदी यांचे आकडे खरेदीच्या किमतीचे असतात, तर विक्रीचा आकडा विक्रीच्या किमतीचा, म्हणजे नफा धरून असतो. शंभर रुपयांना विकलेली चादर दुकानातून गेली तेव्हा शंभर रुपयांचा माल गेला नाही, ऐंशी रुपयांचा गेला. म्हणून विक्रीतून नफा बाजूला काढून तिची मूळ किंमत मिळवावी लागते. त्यासाठी मागील वर्षांच्या व्यापार खात्यावरून विक्रीशी ढोबळ नफ्याचे प्रमाण काढतात आणि ते चालू काळाला लावतात. या पद्धतीला ढोबळ नफ्याची पद्धत म्हणतात, आणि आगीच्या दिवसापर्यंतच्या अशा तात्पुरत्या हिशेबाला लेखापाल मेमोरँडम ट्रेडिंग अकाउंट म्हणतात.

कल्पना इतकी सोपी असूनही दावे अडतात, आणि ते अडतात ते वजाबाकीत नव्हे. वजाबाकीत कोणते आकडे घालायचे, यावर ते अडतात. हे समजण्यासाठी एक दुकान घेऊन त्याचा हिशेब शेवटपर्यंत करून पाहू. दुकान आणि आकडे उदाहरणासाठी रचलेले आहेत, पण त्यातली प्रत्येक गुंतागुंत अशा दाव्यांत नेहमी भेटणारी आहे.

दुकान आणि मागच्या वर्षाचा हिशेब

सोलापुरात चादरी, टॉवेल, ब्लँकेट आणि पडदे विकणारे एक घाऊक दुकान आहे असे समजा. रविवार, १७ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री शॉर्ट सर्किटमुळे तेथे आग लागली. संगणक जळाला, पण हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप कर सल्लागाराकडे होता, आणि जीएसटीच्या पोर्टलवर खरेदी-विक्रीची विवरणे होती. म्हणजे पुस्तके पुन्हा उभी करता आली. ज्यांच्याकडे बॅकअप नसतो त्यांना हेच आकडे बँकेचे खातेउतारे, पुरवठादारांच्या खात्यांचे उतारे आणि जीएसटी विवरणे यांतून जोडत बसावे लागते. ते होते, पण त्याला महिने लागतात.

२०२३-२४ या वर्षाचे व्यापार खाते असे होते. सुरुवातीचा साठा ९,२०,००० रुपये, खरेदी ६१,२०,००० रुपये, माल दुकानापर्यंत आणण्याचे भाडे व हमाली ८०,००० रुपये, विक्री ७५,००,००० रुपये आणि ३१ मार्च २०२४ चा अखेरचा साठा १०,६०,००० रुपये. सर्व आकडे जीएसटी वगळून आहेत. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण खरेदी करासह आणि विक्री कराविना धरली, तर सगळे गणित पहिल्याच पायरीवर बिघडते. भाडे व हमाली खरेदीत मिळवतात, कारण माल दुकानात येऊन पडेपर्यंतचा तो खर्च मालाच्या किमतीचाच भाग आहे. ग्राहकाकडे माल पोहोचवण्याचे भाडे मात्र यात येत नाही.

पुस्तकातल्या आकड्यांप्रमाणे विकलेल्या मालाची किंमत ६०,६०,००० रुपये निघते, ढोबळ नफा १४,४०,००० रुपये आणि विक्रीशी त्याचे प्रमाण १९.२ टक्के. बरेच दुकानदार, आणि घाईत असलेले काही लेखापालही, हा आकडा उचलतात आणि पुढे जातात. इथे थांबायला हवे.

त्या वर्षी या दुकानाने एका नव्या नक्षीचे पडदे मागवले होते आणि ते अजिबात खपले नाहीत. त्यांची खरेदी किंमत १,२०,००० रुपये होती, पण मार्चअखेर त्यांचे निम्मेच पैसे येतील असा अंदाज करून साठ्यात ते ६०,००० रुपयांना धरले गेले. साठा खरेदी किंमत किंवा बाजारात मिळू शकणारी किंमत यांपैकी कमी असेल त्या किमतीला दाखवायचा, या नियमाप्रमाणे हे बरोबरच होते. परंतु त्यामुळे त्या वर्षीचा नफा ६०,००० रुपयांनी कमी दिसला, आणि ही घट चादरी-टॉवेलांच्या धंद्यातली नव्हती. पडून राहिलेल्या एका मालाचे नुकसान सगळ्या धंद्याच्या नफ्याच्या प्रमाणात मिसळले, तर ते प्रमाण नेहमीच्या मालाचे राहत नाही. म्हणून प्रमाण काढताना पडदे मूळ किमतीला धरायचे: अखेरचा साठा ११,२०,००० रुपये, विकलेल्या मालाची किंमत ६०,००,००० रुपये, ढोबळ नफा १५,००,००० रुपये, आणि प्रमाण बरोबर २० टक्के.

०.८ टक्क्याचा फरक किरकोळ वाटतो, पण या पद्धतीत प्रमाणातली चूक साठ्याच्या रकमेवर पडत नाही. ती विक्रीच्या रकमेवर पडते, आणि विक्री साठ्याच्या कितीतरी पट असते. या दुकानाचा साठा बारा-तेरा लाखांचा, तर आगीपर्यंतच्या साडेसात महिन्यांतली विक्री त्रेपन्न लाखांच्या वर आहे. प्रमाण एका टक्क्याने हलले की साठा पन्नास हजारांहून जास्त रुपयांनी हलतो. माल जितका लवकर खपणारा, तितका हा हिशेब नाजूक. किराणा किंवा औषधांच्या दुकानात साठा वर्षातून अनेकदा फिरतो, तिथे अर्धा टक्काही मोठा असतो. वर्षातून एकदाच साठा फिरणाऱ्या धंद्यात तीच चूक फारशी जाणवत नाही.

दिशाही लक्षात ठेवायला हवी. प्रमाण जास्त धरले की विकलेल्या मालाची किंमत कमी निघते, म्हणून उरलेला साठा जास्त दिसतो आणि दावा वाढतो. त्यामुळे मालक नफ्याचे प्रमाण वाढवून सांगतो आहे का, याकडे सर्व्हेअरचे लक्ष असते. एका वर्षावर न थांबता तो सहसा तीन वर्षांची व्यापार खाती मागतो. तिन्ही वर्षांत प्रमाण १९ ते २० टक्क्यांच्या आसपास असेल तर प्रश्न उरत नाही. एखाद्या वर्षी ते अचानक १५ किंवा २५ झाले असेल तर त्याचे कारण लेखी द्यावे लागते. कर वाचवण्यासाठी मार्चअखेरचा साठा कमी दाखवण्याची सवय असलेल्या दुकानांची इथे पंचाईत होते. कमी दाखवलेल्या साठ्यामुळे त्या वर्षीचे प्रमाणही पडते आणि पुढच्या वर्षीची सुरुवातही कमी रकमेने होते, म्हणजे दावा दोन्ही बाजूंनी घटतो. आणि आपण आकडा कमी लिहिला होता, हे सांगून तो वाढवून मागणे म्हणजे स्वतःच्याच विवरणपत्राविरुद्ध साक्ष देणे.

आगीच्या रात्रीपर्यंतचा हिशेब

आता १ एप्रिल ते १७ नोव्हेंबर २०२४ हा काळ पाहू. पडदे बाजूला ठेवून नेहमीच्या मालाचा सुरुवातीचा साठा १०,००,००० रुपये होता. पुस्तकात खरेदी ४६,५०,००० रुपये, भाडे व हमाली ६०,००० रुपये आणि विक्री ५३,८५,००० रुपये आहे.

खरेदीत दोन दुरुस्त्या कराव्या लागतात. पानिपतहून मागवलेल्या १,५०,००० रुपयांच्या ब्लँकेटांचे बिल १५ नोव्हेंबरला पुस्तकात नोंदले गेले होते, पण आगीच्या रात्री ट्रक अजून वाटेत होता. ई-वे बिलावरून ते सिद्ध करता येते. कागदावर हा माल दुकानाचा होता, पण दुकानात नव्हता, म्हणून तो जळू शकत नाही. विमा ठरावीक जागेवरच्या मालाचा असतो. पद्धत मात्र सगळ्या धंद्याचा मिळून साठा काढते, त्यामुळे वाटेत, दुसऱ्या गोदामात, शिलाईसाठी कारागिराकडे किंवा पसंतीसाठी ग्राहकाकडे असलेला माल वेगळा काढण्याचे काम हिशेब करणाऱ्यालाच करावे लागते. दुसरी दुरुस्ती म्हणजे मे महिन्यात घरच्या लग्नात आहेरासाठी मालकांनी दुकानातून नेलेल्या २०,००० रुपयांच्या चादरी. त्या विक्रीत कुठेच दिसत नाहीत, पण दुकानातून गेल्या आहेत, म्हणून मूळ किमतीला वजा करायच्या. दोन्ही दुरुस्त्या करून आणि भाडे-हमाली मिळवून खरेदी ४५,४०,००० रुपये होते.

विक्रीत काम जास्त आहे. १६ नोव्हेंबरला एका गिऱ्हाईकाचे १,००,००० रुपयांचे बिल झाले होते, पण गठड्या बांधून दाराशी ठेवलेल्या होत्या. सोमवारी टेम्पो येणार होता. हा माल विक्रीत धरला तर तो दुकानातून गेला असा अर्थ होतो, आणि प्रत्यक्षात तो तिथेच होता. म्हणून तो विक्रीतून वगळायचा. त्याची मालकी गिऱ्हाईकाकडे गेली होती का, आणि दुकानाच्या पॉलिसीत अशा मालाची जबाबदारी येते का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो पॉलिसीची भाषा वाचूनच सुटतो. या उदाहरणात जबाबदारी दुकानाकडेच होती असे धरू.

पडून राहिलेल्या पडद्यांपैकी निम्मे, म्हणजे ६०,००० रुपये मूळ किमतीचे, या काळात ३५,००० रुपयांना कसेबसे विकले गेले. या विक्रीला २० टक्के नफ्याचे प्रमाण लावणे चुकीचे ठरेल, कारण तिच्यात नफाच नव्हता. तीही बाजूला काढायची.

आणि दिवाळी. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत दुकानात दहा टक्के सवलत होती आणि त्या दिवसांत ९,००,००० रुपयांची विक्री झाली. सवलत नसती तर हाच माल १०,००,००० रुपयांना गेला असता, आणि २० टक्के प्रमाणाने त्याची मूळ किंमत ८,००,००० रुपये आहे. सवलत विसरून थेट ९,००,००० रुपयांना २० टक्के लावले तर मूळ किंमत ७,२०,००० रुपये निघते, आणि दुकानात नसलेला ८०,००० रुपयांचा माल कागदावर उभा राहतो. सणासुदीनंतर लागलेल्या आगीच्या दाव्यांत ही चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण ती खोटेपणातून होत नाही, निव्वळ विसरण्यातून होते, आणि तरीही दावा फुगवल्याचा संशय मालकावर येतो. सवलतीच्या दिवसांची बिले वेगळी काढता आली तर हा संशय सहज दूर होतो.

हे सगळे बाजूला केल्यावर नेहमीच्या भावाची विक्री ४३,५०,००० रुपये उरते. तिची मूळ किंमत ८० टक्क्यांनी ३४,८०,००० रुपये. दिवाळीच्या मालाचे ८,००,००० रुपये मिळवले की दुकानातून गेलेला नेहमीचा माल ४२,८०,००० रुपयांचा होतो. आता वजाबाकी:

```
सुरुवातीचा साठा (पडदे वगळून)      १०,००,०००
खरेदी, भाडे व हमाली (दुरुस्त)      + ४५,४०,०००
विकलेल्या मालाची मूळ किंमत        − ४२,८०,०००
नेहमीच्या मालाचा साठा              १२,६०,०००
उरलेले पडदे                        + ३०,०००
१७ नोव्हेंबरचा एकूण साठा           १२,९०,०००
```

उरलेले पडदे त्यांच्या ६०,००० रुपये खरेदी किमतीला धरले नाहीत, मार्चअखेरच्या ३०,००० रुपयांनाच धरले. विमा झालेले नुकसान भरून देण्यासाठी आहे. ज्या मालाचे बाजारात निम्मेच पैसे येणार होते, त्याचे पूर्ण पैसे आग लागली म्हणून मिळत नाहीत. बाकीच्या मालाच्या बाबतीतही हेच तत्त्व उलट बाजूने लागू होते: चादरी शंभर रुपयांना विकल्या गेल्या असत्या, तरी व्यापाऱ्याच्या मालाचा दावा खरेदी किमतीचा असतो, बुडालेल्या नफ्याचा नसतो. नफ्यासाठी वेगळी पॉलिसी लागते.

यातली एकही दुरुस्ती न करता, पुस्तकातले आकडे आणि १९.२ टक्के जसेच्या तसे घेतले असते, तर साठा १४,१८,९२० रुपये निघाला असता. म्हणजे जवळजवळ १,२९,००० रुपयांचा फरक पडला असता, आणि त्यातही काही चुकांनी एकमेकींना झाकले असते. दिवाळीच्या सवलतीने कागदी साठा ८०,००० रुपयांनी वाढतो आणि न पाठवलेल्या गठड्यांनी जवळपास तेवढ्यानेच कमी होतो. म्हणून अंतिम आकडा बरा दिसतो आहे, यावरून हिशेब बरोबर आहे असे कधीच समजू नये.

राखेशी ताळमेळ

हिशेबाने आलेला आकडा सर्व्हेअर प्रत्यक्ष जागेशी ताडून पाहतो. कापडाच्या दुकानात हे बऱ्यापैकी जमते. सुट्या घड्या करून मांडणीवर ठेवलेले टॉवेल पूर्ण जळून जातात, पण घट्ट बांधलेली गठडी बाहेरून कोळशासारखी काळी पडली तरी आत हवा पोहोचत नसल्यामुळे तिच्या मधल्या घड्या बऱ्याचदा शाबूत निघतात. अशी गठडी कापून उघडली की काळ्या कडांच्या आत चादरीची नक्षी दिसते, आणि त्यावरून तो माल कोणत्या प्रकारचा, साधारण कोणत्या भावाचा होता हे कळते. गठड्यांचे अवशेष, मांडणीच्या लोखंडी चौकटी, जमिनीवरच्या राखेचा थर आणि दुकानाचे माप यांवरून एवढा माल इथे मावत होता का, हे तपासता येते. म्हणून सर्व्हेअर येईपर्यंत ढिगारा हलवू नये. जागा साफ करण्याची घाई केलेल्या मालकाने स्वतःच्याच बाजूचा सर्वांत मोठा पुरावा कचऱ्यात टाकलेला असतो.

दुसरी तपासणी कागदांची. खरेदी जीएसटीच्या पोर्टलवर पुरवठादारांनी नोंदवलेल्या बिलांशी जुळते का, विक्री भरलेल्या विवरणांशी जुळते का, आणि बँकेत दिलेले मासिक साठापत्रक काय सांगते. हा तिसरा कागद बऱ्याच दाव्यांत अडचणीचा ठरतो. कॅश क्रेडिटची मर्यादा वापरता यावी म्हणून काही दुकानदार बँकेला साठा वाढवून कळवतात. मग हिशेबाने साठा १२,९०,००० रुपये निघतो आणि ऑक्टोबरअखेरच्या पत्रकात वीस लाख लिहिलेले असतात. सर्व्हेअरने त्यातला कोणता आकडा खरा मानावा? पत्रक जास्तीचे होते असे कबूल करावे, तर बँकेपुढे अडचण. नाही करावे, तर हिशेबाची विश्वासार्हता जाते.

बिलाविना केलेली विक्री इथेच उघडी पडते. ती पुस्तकात नसल्यामुळे हिशेबाला तो माल दुकानातच आहे असे वाटते आणि काढलेला साठा प्रत्यक्षापेक्षा मोठा येतो. गणित पंधरा लाख सांगते आणि जागेत दहा लाखांपेक्षा जास्त मावणार नाही असे दिसते, तेव्हा कारण बहुधा हेच असते. ढोबळ नफ्याची पद्धत पुस्तकांवर चालते. पुस्तके अपुरी असतील तर तिचे उत्तरही तितकेच अपुरे. नव्याने सुरू झालेल्या दुकानाला मागचे प्रमाणच नसते, आणि ज्या दुकानात ५ टक्के नफ्याचा व ४० टक्के नफ्याचा माल एकत्र विकला जातो तिथे सगळ्यांचे मिळून एक प्रमाण फसवे ठरते. अशा ठिकाणी निदान मालाच्या मोठ्या वर्गांचे वेगवेगळे हिशेब करावेच लागतात.

साठ्यापासून दाव्यापर्यंत

१२,९०,००० रुपये हा साठा आहे, नुकसान नव्हे. दाराजवळच्या भागापर्यंत आग पोहोचली नव्हती. तिथला २,१०,००० रुपयांचा माल धडधाकट मिळाला. याशिवाय १,५०,००० रुपये किमतीच्या चादरी जळाल्या नाहीत, पण धूर आणि अग्निशामक दलाच्या पाण्याने खराब झाल्या. त्यांचे ५०,००० रुपये येतील असा भाव ठरला. आग विझवताना मारलेल्या पाण्याने झालेले नुकसान आगीच्याच नुकसानीत मोडते. तेव्हा नुकसान १२,९०,००० वजा २,१०,००० वजा ५०,०००, म्हणजे १०,३०,००० रुपये. ओल्या चादरी वेळीच वाळवून विकल्या नाहीत आणि त्यांना बुरशी लागली, तर त्या वाढीव नुकसानीवर वाद होतो, म्हणून सर्व्हेअरला लेखी कळवून त्या लवकर वेगळ्या कराव्यात.

जीएसटीचा एक बारकावा इथे येतो. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायदा, २०१७ च्या कलम १७(५)(एच) प्रमाणे नष्ट झालेल्या मालावर घेतलेली कराची वजावट परत करावी लागते. म्हणजे जळालेल्या चादरींवर खरेदीच्या वेळी भरलेला कर, जो एरवी वळता होतो, तो आता दुकानदाराचा खर्च बनतो. हा कर दाव्यात मागता येईल का, हे विमा रक्कम ठरवताना तो धरला होता का यावर अवलंबून असते, आणि तो उलटवल्याचे विवरण जोडावे लागते. आपल्या उदाहरणात विमा कराविना किमतीवर होता, म्हणून तो पुढच्या हिशेबात धरलेला नाही.

आता विमा रक्कम. या दुकानाने मालाचा विमा ९,००,००० रुपयांचाच घेतला होता. काही वर्षांपूर्वीचा आकडा दरवर्षी तसाच नूतनीकरणात पुढे येत राहिला. इथे सरासरीचे कलम लागू होते. १२,९०,००० रुपयांच्या मालाचा ९,००,००० रुपयांचाच विमा काढला, म्हणजे उरलेल्या भागाचा धोका मालकाने स्वतःकडे ठेवला असे मानतात, आणि नुकसानही त्याच प्रमाणात वाटले जाते: १०,३०,००० गुणिले ९,००,००० भागिले १२,९०,०००, म्हणजे ७,१८,६०५ रुपये. त्यातूनही पॉलिसीतली मालकाने सोसायची ठरावीक रक्कम वजा होते. नुकसान दहा लाख तीस हजारांचे आणि हातात सात लाखांच्या आसपास, हे कळते तेव्हा मालकाला कंपनीने फसवले असे वाटते. पण कपात साठ्याच्या हिशेबात झालेली नसते, ती विमा रकमेमुळे झालेली असते.

आता तो चुकीचा, फुगलेला साठा आठवा: १४,१८,९२० रुपये. तो मान्य झाला असता तर वाचलेला माल वजा करून नुकसान ११,५८,९२० रुपये दिसले असते, पण सरासरीच्या कलमात भागाकारही त्याच मोठ्या आकड्याने झाला असता आणि मिळाले असते सुमारे ७,३५,००० रुपये. साठा १,२९,००० रुपयांनी फुगवून पदरात जास्तीचे साडेसोळा हजार. विमा अपुरा असताना साठा वाढवून दाखवण्यात मालकाचा फारसा फायदा नसतो, उलट तपासणी कडक होऊन दावा महिनोन्‌महिने अडकतो. ही गोष्ट फार थोड्या दुकानदारांना ठाऊक असते.

१ एप्रिल २०२१ पासून एका ठिकाणी पाच कोटी रुपयांपर्यंतच्या जोखमीसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही प्रमाणित पॉलिसी आहे, आणि तिच्यात १५ टक्क्यांपर्यंतचा अपुरा विमा माफ केला जातो. या दुकानाचा विमा साठ्यापेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी अपुरा होता, म्हणून ती माफी उपयोगी पडली नाही आणि पूर्ण प्रमाणात कपात झाली. विमा रक्कम ९,००,००० ऐवजी ११,००,००० रुपये असती, तर अपुरेपणा १५ टक्क्यांच्या आत राहिला असता आणि दावा १०,३०,००० रुपयांचा पूर्ण मान्य होऊ शकला असता. विमा रक्कम दोन लाखांनी वाढवली असती तर मिळणारी रक्कम ३,११,३९५ रुपयांनी वाढली असती. त्यासाठी वर्षाच्या मध्यावर, दिवाळीचा माल भरण्याआधी, याच वजाबाकीने साठा काढून विमा रकमेशेजारी लिहून पाहणे पुरेसे होते.